१८० गुणिले मिनिटं: हा हिशेब कुठे फसतो

मॅरेथॉनमध्ये एकूण किती पावलं पडतात, याचा एक हिशेब असा सांगितला जातो: «धावपटूचा केडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, १८० असतो. मॅरेथॉनला लागलेली मिनिटं गुणिले १८० केली की एकूण पावलं निघतात. पावलाची लांबी उंचीवर ठरते, ती बदलत नाही. खात्री हवी तर स्पोर्ट्स घड्याळ दाखवतं त्या पावलाच्या सरासरी लांबीने ४२,१९५ मीटरना भागून बघा.»

आधी १८०चं बघू. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा जवळजवळ सगळे मिनिटाला १८० किंवा त्याच्या वर भरले. पण ते ऑलिंपिकच्या शर्यतीत पळत होते. किलोमीटरला सहा मिनिटं घेणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांचा केडन्स १६०-१७० असणं अगदी नेहमीचं आहे.

लांबी उंचीवर थोडीफार अवलंबून असते, पण त्याहून कितीतरी जास्त वेगावर. केल्विन किप्टमने २०२३ साली शिकागोत २ तास ००:३५ मध्ये मॅरेथॉन संपवली. त्याचा केडन्स १८५ धरला तर पावलं होतात साधारण २२,३००, म्हणजे एकेक पाऊल १.८९ मीटरचं. चार तासांत पोचणारा १८०नेच पळाला, तर ४३,२०० पावलं आणि लांबी जेमतेम ९८ सेंटिमीटर. हा फरक काही उंचीतून आलेला नाही.

खरी गंमत गुणाकारात आहे, कारण शर्यत एकसारखी पळली जात नाही. माझीच एक घ्या, साडेचार तासांची. पहिले ३० किलोमीटर १८० मिनिटांत झाले, केडन्स १६८, पावलं ३०,२४०. पुढे पाय जड झाले. उरलेल्या ९० मिनिटांतली २० चालण्यात गेली, मिनिटाला ११५ पावलांनी, म्हणजे २,३००. बाकी ७० मिनिटं १६२ने पळालो, ११,३४०. एकूण ४३,८८०. सूत्र सांगतं ४८,६००. पावणेपाच हजार पावलं मी टाकलीच नाहीत! शेवटच्या टप्प्यात केडन्स फारसा उतरला नव्हता. पळतानाचं पाऊल मात्र ९९ सेंटिमीटरवरून ९२च्या आसपास आलं.

आणि ती पडताळणी? घड्याळ सरासरी लांबी काढतं ती अंतराला पावलांनी भागून. त्याच लांबीने पुन्हा अंतराला भागलंत तर घड्याळाचाच आकडा परत हातात येतो. तो चुकलेला असला तरी हिशेब जुळतोच. खरी पडताळणी ट्रॅकवर होते. सगळ्यात आतल्या लेनमध्ये शर्यतीच्या वेगाने ४०० मीटर पळा आणि फक्त उजवा पाय किती वेळा टेकला ते मोजा. २०० आले तर पावलं ४००, लांबी एक मीटर.

दुप्पट करायला विसरू नका. काही ॲप एकाच पायाचा केडन्स दाखवतात. तिथे ८४ दिसलं तर ते १६८ समजायचं, नाहीतर पावलं निम्मीच निघतील.