खुलासा: जंक्शनवरच्या करंटचे उत्तर ऋण आले तर

“जंक्शनवरचा अज्ञात करंट ऋण आला म्हणजे गणित चुकले. वजा चिन्ह खोडून फक्त आकडा लिहा.”

पुण्यातल्या बारावीच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज चुकीचा आहे. एक उदाहरण घ्या. जंक्शनला पाच शाखा आहेत. दोन शाखांतून 3 A आणि 2 A आत येतात, दोन शाखांतून 4 A आणि 6 A बाहेर जातात. पाचवीत I बाहेर जातो असे मानून बाण काढला. जंक्शनवर विद्युतभार साठत नाही, म्हणून आत येणारा करंट बाहेर जाणाऱ्याइतकाच:

3 + 2 = 4 + 6 + I, म्हणून I = −5 A

वजा चिन्ह एवढेच सांगते की खरा करंट बाणाच्या उलट, म्हणजे 5 A आत येतो. ताळा पाहा: आत 3 + 2 + 5 = 10, बाहेर 4 + 6 = 10. चिन्ह खोडले तर आत 5 आणि बाहेर 15 होतात.

खरा घोटाळा पुढे होतो. काहीजण बाण उलटा करतात आणि वजाही तसाच ठेवतात, मग दिशा पुन्हा चुकते. माझ्या मते मूळ बाण आणि −5 हेच लूपच्या समीकरणांत वापरावे, दिशा शेवटी लिहावी.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हे उदाहरण टाका.