बूड घासतंय म्हणजे ग्लँड भरल्यात? दर वेळी नाही!

"कुत्रा जमिनीवर बूड घासत असेल तर त्याच्या अॅनल ग्लँड भरल्यात हे नक्की. दर महिन्याला ग्रूमिंगच्या वेळी दाबून रिकाम्या करून घ्या किंवा व्हिडिओ बघून घरीच करा, नाहीतर त्या फुटतात. एवढ्याशा कामासाठी व्हेटकडे जायची गरज नाही."

हा मेसेज मला आत्तापर्यंत चार ग्रुपवर आलाय आणि आमच्या बंड्यावर आम्ही आठ महिने अगदी हाच प्रयोग केलाय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

"भरल्यात हे नक्की." नाही. बूड घासणं म्हणजे फक्त "इथे खाजतंय किंवा दुखतंय" एवढंच कुत्रा सांगतोय, कशामुळे ते नाही. अॅनल ग्लँड म्हणजे दोन छोट्या पिशव्या, त्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना असतात, घड्याळात चार आणि आठ जिथे येतात साधारण तिथे, आणि त्या भरल्या की कुत्रा घासतो हे खरंच आहे. पण अॅलर्जीने तिथली कातडी खाजत असेल तरी तो तस्साच घासतो, जुलाबानंतर केसात शी चिकटून बसली असेल तरी, मशीनने केस कापताना कातडी सोलवटली असेल तरी, आणि टेपवर्म असतील तरी. टेपवर्मचं तर घरबसल्या कळू शकतं, शेपटीखाली किंवा तो झोपतो त्या चादरीवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसतात, ताजे असतील तर हलतात आणि वाळले की तिळासारखे होतात. ते दिसले तर पिशव्या दाबून काहीच होणार नाही. प्राझिक्वान्टेल असलेलं जंताचं औषध लागतं (जंताच्या प्रत्येक गोळीत ते नसतं, नाव वाचा), आणि हे जंत बहुतेक वेळा पिसवा गिळल्याने होतात म्हणून पिसवांचा बंदोबस्त केला नाही तर काही आठवड्यांत परत हजर.

"दर महिन्याला." हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण तो काळजीचा वाटतो आणि नुकसान तिथेच होतं. निरोगी कुत्र्याच्या या पिशव्या शी करताना आपोआप रिकाम्या होतात, घट्ट शी बाहेर पडताना दाब येतो आणि थोडा द्रव बाहेर येतो, आपल्याला कळतही नाही. ज्याला काही त्रास नाही त्याच्या पिशव्या कॅलेंडर बघून दाबायचं काही कारणच नाही. उलट सारखं पिळून तिथली नाजूक कातडी आणि पिशवीची नळी सुजते, सूज आली की नळीचं तोंड बारीक होतं आणि आतलं नीट बाहेर पडत नाही, म्हणजे जो त्रास नव्हता तो आपण तयार करतो. शिवाय दाबल्यानंतर एखाद दिवस चुरचुरतं म्हणून तो अजून घासतो आणि आपण म्हणतो बघा अजून भरलेल्याच आहेत.

आमचं अगदी हेच झालं. बंड्या पाच वर्षांचा, दर महिन्याला ग्रूमिंगला गेला की दाबून यायचा, दोन दिवस शांत आणि तिसऱ्या दिवशी परत हॉलभर घासत फिरायचा. दर वेळी ग्रूमिंगवाले टिश्यूवर तपकिरी वासट द्रव दाखवून सांगायचे की बघा केवढं इन्फेक्शन होतं, आणि आम्ही मान डोलवायचो. आता माहितीय की त्या द्रवाचा रंग बघून काही ठरवता येत नाही, चांगल्या तब्येतीच्या कुत्र्यातही तो पिवळसर, तपकिरी, करडा, पातळ, पेस्टसारखा कसाही असतो आणि घाण वास तर सगळ्यांचाच येतो. पू किंवा रक्त असेल तर गोष्ट वेगळी.

शेवटी व्हेटकडे नेलं. डॉक्टरांनी ग्लोव्ह घालून, भरपूर जेल लावून तर्जनी आत घातली आणि बाहेरून अंगठा ठेवून दोन्ही बाजूंच्या पिशव्या बोटांमध्ये घेऊन बघितल्या, आम्हाला म्हणाले, "दोन्ही जवळजवळ रिकाम्या आहेत, यात पिळायला काही नाहीये." मग त्यांनी शेपटी सोडून कान उघडले. कान आतून लालभडक. पंजे उलटे केले तर बोटांच्या मधले पांढरे केस चाटून चाटून विटकरी झालेले. हे आम्ही रोज बघत होतो आणि त्याची सवय आहे म्हणत होतो! निदान अॅलर्जीचं. आठ आठवडे एकच ठरवलेलं खाणं, बाकी एक बिस्किटसुद्धा नाही, सोबत सुरुवातीला खाजेची गोळी, आणि पिशव्या दाबणं पूर्ण बंद. तिसऱ्या आठवड्यापासून घासणं कमी झालं. आठ आठवड्यांनी जुनं खाणं मुद्दाम परत दिल्यावर चार दिवसांत सगळं परत सुरू झालं तेव्हा खाण्याचीच अॅलर्जी आहे हे पक्कं झालं.

"नाहीतर फुटतात." फुटतात, हो. पण आधी पिशवीत घट्ट माल अडकतो, मग जंतुसंसर्ग होऊन पू धरतो, एका बाजूला लाल गरम गाठ येते आणि मग ती कातडीतून फुटते. आणि अशा वेळी घरी दाबणं हीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे, प्रचंड दुखतं आणि पिशवी आतल्या आत फुटून पू आजूबाजूला पसरू शकतो. तिथे भूल किंवा गुंगी देऊन ती साफ करावी लागते, वेदनेचं औषध लागतं, गरज असेल तर अँटिबायोटिक. सूज दिसली, शी करताना किंचाळला, शेपटीला हात लावू देत नाही, रक्त किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी जा.

"व्हेटकडे जायची गरज नाही." मग दाबून घ्यायची खरी गरज कधी? बोटाने तपासल्यावर पिशवी खरंच टम्म भरलेली लागते आणि सोबत त्रासही आहे तेव्हा. बाहेरून दोन बोटांनी पिळलं तर बऱ्याचदा अर्धवटच निघतं आणि घट्ट पेस्ट तर आतच राहते, ती आतून बोट घालून हळू काढावी लागते, कधी गुंगी देऊन पिशवी धुवावी लागते. मग दोनतीन आठवड्यांनी परत तपासायचं. परत भरली असेल तर का भरतेय ते शोधायचं, शी सैल आहे का, वजन जास्त आहे का, अॅलर्जी आहे का. सैल शीसाठी इसबगोलासारख्या फायबरचा उपयोग होतो कारण शी जाड झाली की दाब येतो, पण मूळ अॅलर्जी असेल तर फायबर एकटं पुरत नाही. काही कुत्र्यांना खरंच ठरावीक दिवसांनी रिकाम्या करून घ्याव्या लागतात, ते अंतर त्या कुत्र्याच्या तपासणीवरून ठरतं.

अजून एक गोष्ट फक्त त्या बोटालाच कळते. दाबल्यावर रिकामी न होणारी टणक गाठ, बहुतेकदा एकाच बाजूला. या पिशव्यांना कॅन्सर होतो आणि तो सुरुवातीला वाटाण्याएवढा असताना बाहेरून काहीच दिसत नाही. काहींमध्ये रक्तातलं कॅल्शियम वाढून कुत्रा खूप पाणी प्यायला आणि सारखी लघवी करायला लागतो, पुढे शी चपटी पट्टीसारखी यायला लागते. म्हातारा कुत्रा असेल आणि यातलं काही दिसत असेल तर "ग्लँड करून द्या" एवढंच सांगून परत येऊ नका, "बोट घालून गाठ आहे का बघा" असं स्पष्ट म्हणा.