कांडेचोराची कॉफी: वाशीच्या वाचकांना उत्तर

"लेख एकतर्फी वाटला. आम्ही बालीला मळ्यात जाऊन, प्राणी डोळ्यांनी बघून कॉफी आणली. फोटो जोडतोय. १०० ग्रॅमला साडेतीन हजार मोजले, माल अस्सल आहे. दुर्मीळ वस्तू महाग असणारच. आणि कोंबड्या पिंजऱ्यात चालतात, मग हाच प्राणी का नाही?"

नमस्कार. कांडेचोर या प्राण्याच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांच्या कॉफीवर मी टीका केली होती, त्या लेखावरचं हे तुमचं पत्र. आधी माझी चूक कबूल करते. 'बाजारातली बहुतेक सगळी बनावट' असं मी ठोकून दिलं होतं. तसं सांगायला माझ्याकडे आकडा नाही, ते वाक्य लेखातून काढलं आहे. तुमचा माल अस्सल असेलही. माझी अडचण नेमकी तिथेच आहे.

आम्ही येऊरच्या पायथ्याशी राहतो. कांडेचोर, म्हणजे उदमांजर, आमच्या सोसायटीला नवा नाही. रात्री गच्चीवर धावतो आणि सकाळी कुंपणाच्या भिंतीवर भेरली माडाच्या अख्ख्या बियांची विष्ठा ठेवून जातो. फळाचा गर पचतो, बी तशीच बाहेर पडते. कॉफीचंही तेच होतं. विष्ठा वाळली की आतल्या बिया शेंगदाण्याच्या चिक्कीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. त्या सुट्या करून, धुऊन, वाळवून, वरचं टरफल काढून भाजतात.

जंगलात हा प्राणी एकटा फिरतो, मैलभर पसरलेल्या झाडांतून पिकलेलीच फळं निवडतो आणि विष्ठा कुठेही टाकतो. ती शोधत माणसाला मळाभर हिंडावं लागतं, आणि दिवसाअखेर हाती येतं ते ओंजळभर. मूळ भाव या पायपिटीचा. डचांच्या काळात जावा-सुमात्रातले मजूर ही कॉफी पीत, कारण मळ्यातली फळं स्वतःसाठी तोडायची त्यांना मनाई होती, असं सांगतात. १९९१ च्या सुमारास टोनी वाइल्ड या ब्रिटिश कॉफी खरेदीदाराने ती पाश्चात्त्य बाजारात नेली. मागणी वाढली तसे पिंजरे आले, आणि पुढे त्यानेच या कॉफीविरुद्ध मोहीम उघडली. पिंजरा आला की शोधाशोध संपते, पण भाव जंगलाचाच लागतो. तुमचे साडेतीन हजार दुर्मिळतेचे असतील, तर ती दुर्मिळता तुमच्या फोटोत दिसायला हवी होती.

तो फोटो मी मोठा करून पाहिला. भरदुपार आहे, आणि हा प्राणी निशाचर. पायाखाली तारेची जाळी, समोर लाल फळांनी भरलेली थाळी. बालीतल्या अशाच १६ मळ्यांवरच्या ४८ उदमांजरांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. प्राण्यांच्या किमान गरजा भागवणारा मळा त्यांत एकही निघाला नाही. जाळीने पाय सोलवटतात, मलमूत्र अंगाखालीच साचतं, आणि एकट्याने राहणारे प्राणी एकमेकांना खेटून ठेवलेले असतात. खाणं मुख्यतः कॉफीची फळं. रानात हाच प्राणी उंबर-वडाची फळं, किडे, उंदीर असं सगळं खातो. शिवाय पिंजऱ्यात निवड उरत नाही. थाळीत अर्धकच्चं पडलं तरी तेच गिळायचं. म्हणजे 'प्राणी उत्तम फळ निवडतो' ही कॉफीची जी बढाई, तीच पिंजऱ्यात गळून पडते.

आता अस्सलपणा. ओसाका विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये भाजलेल्या बियांचं रासायनिक विश्लेषण करून काही खुणा शोधल्या. सायट्रिक आणि मॅलिक आम्लांचं प्रमाण ही त्यांतली एक. निम्मी साधी कॉफी मिसळलेला नमुनाही त्यांना ओळखता आला. पण ही चाचणी सांगते ती बी आतड्यातून गेली की नाही, एवढंच. ते आतडं रानात हिंडत होतं की जाळीवर उभं होतं, हे तिला कळत नाही. पिंजऱ्यातलीही कॉफी 'अस्सल'च ठरते. पाकिटावरच्या 'वाइल्ड', म्हणजे रानातली, या शब्दामागे म्हणून विकणाऱ्याच्या शब्दापलीकडे फारसं काही नसतं. आपल्या कोडगूतल्या मळ्यांतूनही ही कॉफी येते, आणि तिथेही मी आधी हेच विचारेन की हंगामात एका मळ्यातून किती किलो निघते. आकडा गलेलठ्ठ असेल तर खोटं दोनांपैकी एक: कॉफी तरी किंवा 'वाइल्ड' तरी.

कोंबड्यांचा मुद्दा रास्त आहे. जाळीच्या पिंजऱ्यातली कोंबडी मलाही बघवत नाही. पण कोंबडी हजारो वर्षं माणसाळलेली आहे. कांडेचोर बहुधा रानातून सापळ्यात धरून आणलेला असतो. आपल्याकडे तर तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. उद्या कुणी घोडबंदरला परवानगीशिवाय धरून ठेवला, तर वनखातं दारात येईल.

चवीवर मी वाद घालत नाही. आंबटपणा कमी, कडूपणाही थोडा कमी, हे खरं आहे. माझ्या जिभेला ती जरा मिळमिळीत लागली. उरलेलं पाकीट फेकू नका, प्या. फक्त दूध-साखर घालू नका, नाहीतर रोजच्या कॉफीत आणि तिच्यात फरक शोधत बसाल.