बाँडवर घेतलेली जमीन: कोर्टात काय उरतं?

"शंभरच्या बाँडवर लिहून घ्या, नोटरी करा, पैसे देऊन ताबा घ्या, जमीन तुमची. बारा वर्षं कसली की कोर्टही हलवू शकत नाही. रजिस्ट्री म्हणजे नुसती सरकारची वसुली."

असा सल्ला अनेकदा ऐकू येतो. त्यातल्या मालकीपासून सुरुवात करू. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जमीन-घराची विक्री नोंदलेल्या खरेदीखतानेच होते. बक्षीसपत्राला तर किमतीची अटच नाही, ते नोंदवावंच लागतं. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टाही. मृत्युपत्राला मात्र सक्ती नाही. नोटरी सही कुणी केली एवढंच पाहतो; त्याच्या शिक्क्याने मालकी सरकत नाही.

आता बारा वर्षांचं. संचकारावर, म्हणजे विक्रीच्या करारावर, मिळालेला ताबा मालकाच्या परवानगीचा असतो, विरोधातला नव्हे. त्यामुळे नुसती वर्षं मोजून मालकी येत नाही. ताबा राखायला पूर्वी संचकारपत्राचा आधार घेता यायचा, पण 24 सप्टेंबर 2001 पासून त्यासाठीही ते पत्र नोंदलेलं लागतं.

मग तो कागद रद्दी का? तसंही नाही. समजा, कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातली वीस गुंठे कुणी 2016 साली चार लाखांना अशा कागदावर घेतली. विकणारा वारला आणि 2023 मध्ये त्याची मुलं खरेदीखत करून द्यायला नाही म्हणाली. घेणाऱ्याला करारपूर्तीचा दावा लावता येतो, आणि त्या दाव्यात न नोंदलेला कागदही करार झाल्याचा पुरावा म्हणून चालतो. मालकीचा पुरावा म्हणून मात्र नाही. कागदात खरेदीची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षांत दावा लावायचा. नसेल तर नकार कळल्यापासून तीन वर्षांत. म्हणजे वरच्या माणसाला तारीख ठरली नसेल तर 2026 पर्यंत वेळ आहे, आणि कागदात 2017 लिहिलं असेल तर ती कधीच उलटून गेली.

यात लोक हमखास विसरतात ती स्टॅम्प ड्युटी. कर्नाटकात ताब्यासह केलेल्या संचकाराला खरेदीखताइतकीच ड्युटी लागते. बाजारभाव चारच लाख धरला, तर पाच टक्क्यांनी वीस हजार. कागद शंभरचा, म्हणून तूट 19,900. तूट आणि तिच्या दहापट दंड, 1,99,000, भरल्याशिवाय न्यायाधीश तो कागद पुराव्यात घेतच नाहीत, कोणत्याही कारणासाठी. दहापट कमी करायचा अधिकार कोर्टाला नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2018 साली कर्नाटकातल्याच एका प्रकरणात सांगितलं. सवलत हवी असेल तर कागद डेप्युटी कमिशनरकडे पाठवायला सांगावं. दंड कमी करणं त्यांच्या हातात असतं.

वसुली वाचवली म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा करावा. आणि कागद नुकताच झाला असेल तर सहीपासून चार महिन्यांत सब-रजिस्ट्रारकडे तो नोंदणीला सादर करता येतो. उशीर झालाच तर पुढचे चार महिने दंड भरून.