वजन नसलेल्या जागी तोलाईदार

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या घराण्याने तीन पिढ्या तोलाई केली. आजोबा म्हणायचे, तोलाईदाराला मित्र नसतो. काटा खाली गेला तर घेणारा शिव्या देतो, वर राहिला तर विकणारा. मी मात्र आजोबांच्या दोन पावलं पुढे गेलो. जिथे काटा खालीही जात नाही आणि वरही राहत नाही, अशा जागी तोलाईची नोकरी धरली. आमचं व्यापारी यान जमिनीपासून चारशे किलोमीटरवर फिरतं. त्यात सांगलीची चाळीस पोती हळद, सांगलीचीच सहा माणसं आणि या सगळ्यांच्या शिव्या खायला मी.

परवा सातारकरांचं यान येऊन आमच्याला जोडलं. त्यांच्याशी आमचं हाडवैर. मागच्या खेपेला त्यांनी आमचं गिऱ्हाईक पळवलं, त्याच्या आदल्या खेपेला आम्ही त्यांचं. दार उघडलं आणि त्यांचे म्होरके नाना आत आले. म्हणजे तरंगत आले, ते उलटे. त्यांचे पाय नेमके आमच्या आक्कांच्या डोक्याशी.

आक्का आमच्या कप्तान. त्या म्हणाल्या, "नाना, पाय खाली करा."

"खाली कुठं?" नानांनी विचारलं, आणि प्रश्न अगदी रास्त होता.

इथे खाली असं काही नसतं. दिवे ज्या बाजूला त्याला वर म्हणायचं, एवढाच काय तो करार. पण नानांच्या यानात दिवे दुसऱ्या बाजूला. त्यांचं वर ते आमचं खाली. दोन्ही बाजूची माणसं आपापल्या जागी सरळ होती आणि समोरच्याला उलटं म्हणत होती. (सांगली-सातारा हा वाद जमिनीवरही साधारण असाच चालतो.) शेवटी नाना मेहेरबानी केल्यासारखे फिरले. त्यांच्यातलं एक पोरगं संस्कारी निघालं. ते आक्कांच्या पाया पडायला वाकलं आणि तसंच गरगर फिरत हळदीच्या पोत्यांपर्यंत गेलं.

हळदीच्या सौद्याची बैठक सुरू झाली. मला आधी वाटलं, सातारकर भयंकर चिडलेत, कारण सगळ्यांची तोंडं फुगलेली. मग आठवलं की आमचीही तशीच आहेत. वजन नसलं की अंगातलं पाणी पायांकडून डोक्याकडे सरकतं. पाय बारीक होतात, चेहरे फुगतात, नाकं चोंदतात. त्यामुळे रुसलेला कोण आणि बरा कोण, हे इथे चेहऱ्यावरून कळतच नाही. नानांनी आणलेले कंदी पेढे आम्हाला सपक लागले ते त्या चोंदलेल्या नाकांमुळे, पण नाना ऐकायला तयार नव्हते. आम्हीही पाहुणचारात कमी पडलो. भडंग द्यायचं मनात होतं, पण गेल्या खेपेला एक पुडी फुटली होती आणि पुढचे तीन दिवस शेंगदाणे कानाजवळून जात होते.

"दिवेलागणीआधी उरकू," आक्का म्हणाल्या. "तिन्हीसांजेला मी घरातली हळद बाहेर देत नाही."

नाना हसले. आमचं यान दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं, म्हणजे दिवसाला सोळा तिन्हीसांजा. पण आक्का कृष्णाकाठच्या, हरिपूरच्या. जमिनीतल्या पेवात हळद वर्षानुवर्षं टिकवणारं गाव ते. 2005 च्या महापुरात बरीच पेवं गेली, पण त्या गावाचा कडकपणा गेला नाही. खिडकीतून ऊन येत होतं. आमच्या हातात फार तर पाऊण तास होता.

"मग तोला," नाना म्हणाले, आणि बारा फुगलेली तोंडं माझ्याकडे वळली.

आता इथलं तोलणं सांगतो. तागडी इथे निकामी, कारण दोन्ही पारडी सारखीच रिकामी असल्यासारखी वागतात. पण पोत्याला वजन नसलं तरी जडपणा असतोच. ढकललं तर ते आळसावल्यासारखं हलतं. म्हणून आम्ही त्याला स्प्रिंगच्या पाळण्यात बांधतो, हिसका देतो आणि झोके मोजतो. जड पोतं सावकाश झुलतं, हलकं भराभर. यात नवीन काही नाही. 1973 साली स्कायलॅबवर अंतराळवीरांना स्वतःला असंच झुलवून तोलत असत.

आमचा पाळणा दहा किलोचा. त्यात पन्नास किलोचं प्रमाण माप बांधलं की वीस झोक्यांना बरोबर साठ सेकंद लागतात. ते मी सगळ्यांसमोर करून दाखवलं. नानांनी स्वतःचं घड्याळ लावलं. साठ. पुढे पहिलं पोतं चढवलं.

एकोणसाठ पूर्णांक एक.

पुन्हा केलं. साठ पूर्णांक नऊ. तिसऱ्यांदा एकोणसाठ पूर्णांक सात.

"बघा!" नाना ओरडले. "काटा फितूर हाय!"

"काटा नाही, पोतं ढिलं आहे," मी म्हणालो. तीच वस्तू तीनदा तोलून तीन उत्तरं आली, तर वस्तूला दोष द्यायच्या आधी बांधणी बघायची. आत हळकुंडं इकडून तिकडे सरकत होती. पाळणा एकीकडे जाई आणि हळकुंडं मागे रेंगाळत, लग्नाच्या वरातीत काका रेंगाळतात तशी. मी पट्टे आवळले. नानांच्या दोन पोरांनी पोत्यावर गुडघे रोवून आणखी आवळले. हे करताना ती पोरं स्वतःच मागे उडाली, पण पोतं विटेसारखं घट्ट झालं.

मग तोललं. एकोणसाठ पूर्णांक चार. परत एकोणसाठ पूर्णांक चार. तिसऱ्यांदाही तेच.

माझ्या पोटात गोळा आला. तीन सारखी उत्तरं म्हणजे आता सबब उरली नाही. वेळ शंभरात एकाने कमी भरली, आणि जडपणा वेळेच्या वर्गाबरोबर चालतो, म्हणून तो शंभरात दोनाने कमी. पाळणा धरून साठ किलोचे दोन टक्के म्हणजे एक किलो दोनशे ग्रॅम. पोतं भरलं अठ्ठेचाळीस किलो आठशे. आणखी चार पोती उचलून तोलली, चारही तशीच.

मी आकडा सांगितला. आक्कांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी त्यांच्या अन्नाला जागलो नाही.

"मापात मारलं!" नाना म्हणाले.

आक्कांनी पोत्यातून एक हळकुंड काढलं आणि कटकन मोडलं. आवाज खणखणीत आला, आत रंग केशरी. "हे बघा. ओलं असतं तर वाकलं असतं. माल वाळलाय, चोरलेला नाही. उडालं ते पाणी. पाण्याला तुम्ही हळदीचा भाव देणार होता का?"

"म्हंजे भर श्रावणात दमट पोती भरून तुम्ही पाणीच विकत होता की!"

आक्का गप्प झाल्या. पोती श्रावणात भरली होती खरी. मीच तोलली होती, बाहेर पाऊस पडत असताना.

एवढ्यावर थांबतील तर ते सातारकर कसले. नानांचा हिशेबनीस, चष्मा दोरीने डोक्याला बांधलेला, पुढे तरंगला. "चाळीस पोती, प्रत्येकी एक किलो दोनशे. अठ्ठेचाळीस किलो. म्हणजे जवळजवळ एक अख्खं पोतं, नाना."

"कुठं गेलं आमचं पोतं?"

इथे मी तोंड उघडायला नको होतं. पण तोलाईदाराला हिशेब अर्धवट सोडता येत नाही. मी म्हणालो, "पाणी बाहेर कुठे जाणार? यान तर बंद आहे. हवेतली वाफ यंत्र गारठवून गोळा करतं, गाळून साफ करतं आणि परत टाकीत सोडतं."

"आणि टाकीतलं?"

"पिण्याचं."

नाना क्षणभर थबकले. मग त्यांची नजर आक्कांच्या हातातल्या चहाच्या पिशवीकडे गेली. इथे चहा कपात राहत नाही, पिशवीतून नळीने ओढावा लागतो. "आक्का," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "आमची हळद तुम्ही चहात प्यायलात."

आक्का नळी तोंडातून काढायचं विसरल्या. नानांनी लगेच मागणी टाकली. हळदीची भरपाई नको, अठ्ठेचाळीस लिटर पाणीच द्या.

आमच्या सहाही जणांचे श्वास अडकले. वर येणारा प्रत्येक लिटर जमिनीवरून उचलून आणावा लागतो. म्हणून तर आम्ही वाफसुद्धा सोडत नाही. नानांनी हळदीची तक्रार करत करत टाकीवर हात घातला होता.

"पाणी नाही," आक्का ताडकन म्हणाल्या. "एक पोतं जास्त घ्या."

"पोती चाळीसच आहेत," हिशेबनीस म्हणाला.

"मग भावात बघू. रुमालाखाली."

रुमालाखालचा सौदा जमिनीवर बाजार समित्यांनी केव्हाच मोडीत काढून उघड लिलाव आणले. पण आक्कांना पाच जणांसमोर भाव पाडायचा नव्हता. दोघांनी हात पुढे केले आणि वर रुमाल टाकला. एक बोट धरलं की एक, पाचही धरली की पाच. शेकडा की हजार ते दोघांना मालावरून कळतं. आणि रुमाल?

रुमाल पडलाच नाही. पडायचा कुठे? तो हातांवर वीतभर पसरून तसाच सपाट राहिला. आक्का नानांची तीन बोटं दाबतायत, हे बाराही जणांनी बघितलं. नानांनी दोन दाबून उत्तर दिलं, तेही. नानांनी रागाने आक्कांची बोटं ओढली, तर दोघंही एकमेकांभोवती फुगडी घालायला लागले.

"पोतं आणा!" आक्का फिरता फिरता ओरडल्या.

मी रिकामं पोतं दिलं. दोघांनी दोन बाजूंनी त्यात हात घातले आणि आम्ही त्यांना कंबरेला धरून ठेवलं. आत बोटांची झटापट. पोत्यातली उरलेली हळदपूड बाहेर आली. ती खालीही बसेना. पिवळा ढग हळूहळू पंख्याच्या जाळीकडे निघाला, वाटेत प्रत्येकाच्या फुगलेल्या तोंडाला लागत गेला. हिशेबनीस शिंकला आणि मागच्या मागे भिंतीवर आपटला.

खिडकीत क्षितिज लाल झालं. इथली संध्याकाळ काही सेकंदांचीच.

"ठरलं," नाना म्हणाले.

"ठरलं," आक्का म्हणाल्या, आणि बाहेर अंधार झाला.

भाव काय ठरला, ते दोघांनीही सांगितलं नाही. एवढं कळलं की किलोवर ठरला, पोत्यावर नाही. म्हणजे उरलेली पस्तीस पोतीही एकेक करून आवळायची, तीन-तीनदा झुलवायची. पुढचा सूर्योदय व्हायच्या आत मला काम सुरू करायचं होतं. म्हणून मी अदबीने विचारलं, "आक्का, नाना, माझी तोलाई कोण देणार?"

आक्कांनी नानांकडे बोट दाखवलं. नानांनी आक्कांकडे. आणि दोघांची तोंडं फुगली. या वेळी खरीखुरी.