वय अधिक शंभर

"सगळ्या ग्रुपवर पाठवा. पूर्वी नॉर्मल बीपी म्हणजे १०० अधिक वय, एवढा साधा हिशोब होता. औषध कंपन्यांनी आकडा खाली आणून सगळ्यांना पेशंट केलं. त्रास होत नसेल तर बीपीची गोळी घेऊ नका. एकदा घेतली की सवय लागते आणि किडनी जाते. पांढरं मीठ सोडा, सैंधव खा, बीपी मुळापासून जातं."

राम राम मंडळी. हा मेसेज मला या आठवड्यात चौघांनी पाठवलाय. त्यातले दोघे आपल्याच उपकेंद्रातून गोळ्या नेतात आणि दोघेही आत्ता इथे मंडपात बसलेत. नावं घेत नाही. भजन सुरू व्हायला पाऊण तास आहे, तेवढ्यात यातली एकेक ओळ बघू.

पहिली ओळ अगदीच बनवलेली नाही. जुने डॉक्टर खरंच असं धरायचे. त्यांचा विचार असा, की वयाबरोबर रक्तवाहिन्या कडक होतात, मग रक्त पुढे ढकलायला दाब जास्त लागणारच. तेव्हा दाब वाढला तर वाढू द्यावा. या विचारानं काय झालं ते एका माणसाच्या कागदपत्रांत नोंदलेलं आहे. तो माणूस म्हणजे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट. मार्च १९४४ मध्ये एका तरुण हृदयतज्ज्ञानं त्याला तपासलं, तेव्हा दाब १८६/१०८ होता. त्याचे नेहमीचे डॉक्टर मात्र लोकांना सांगत राहिले, की वयाच्या मानानं साहेबांची तब्येत उत्तम आहे. १२ एप्रिल १९४५ रोजी तो चित्रकारापुढे बसला होता. डोक्याच्या मागे भयंकर दुखतंय म्हणाला आणि कोसळला. त्यानंतर मोजलेला दाब ३००/१९०. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय ६३.

तेव्हा जगातल्या सगळ्यात बलाढ्य माणसासाठीसुद्धा दाब उतरवणारं धड औषध नव्हतं. आपल्या उपकेंद्राच्या कपाटात आज जी गोळी फुकट मिळते, तसं काही त्याच्या डॉक्टरांच्या पेटीत नव्हतं. वयाचा हिशोब टिकून राहायला तेही एक कारण होतं. उपाय नसला की माणूस दुखण्यालाच नैसर्गिक म्हणतो.

आकडा खाली आला हे मात्र खरं आहे, ते मी नाकारत नाही. एकेकाळी १६०/९५ पासून पुढे आजार धरायचे, मग १४०/९० पासून धरू लागले. अमेरिकेतले डॉक्टर तर २०१७ पासून १३०/८० म्हणतात. आपल्या सरकारी दवाखान्यात १४०/९० हीच रेघ आहे, आणि तीही एकदा मोजून मारत नाहीत. पाच मिनिटं शांत बसवून, हात टेबलावर टेकवून, दोनदा मोजायचं आणि मग दुसऱ्या दिवशी परत बघायचं. बैलामागं धावत आलेल्या माणसाचं बीपी वाढलेलंच दिसणार.

आता त्रास नसण्याबद्दल. इथेच माझा सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण ही ओळ पटण्यासारखी आहे. ताप आला की अंग तापतं, काटा रुतला की ठणकतं, मग बीपी वाढलेलं कळायला नको? नाही कळत. मेंदूकडे जाणाऱ्या बारीक वाहिन्या हुशार असतात. दाब वाढला की त्या आपणहून आवळून घेतात, म्हणजे आत रक्त नेहमीइतकंच पोचतं. तुम्हाला काही जाणवत नाही ते यामुळे. पण वर्षानुवर्षं आवळून राहिल्यानं त्यांच्या भिंती जाड आणि ठिसूळ होत जातात. हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, त्याचा स्नायू फुगतो. किडनीच्या गाळण्या खराब होतात. यातलं काहीच दुखत नाही.

उलटी गंमत अशी, की शरीराला या वाढीव दाबाची सवय झालेली असते. गोळी सुरू केल्यावर दाब उतरतो तेव्हा पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत काहींना गळून गेल्यासारखं वाटतं, उठताना भोवळ येते. म्हणजे बीपी होतं तेव्हा बरं वाटत होतं आणि गोळीनं बरं वाटेनासं झालं. मेसेज लिहिणाऱ्यानं नेमकं हेच पाहिलं असणार. अशी भोवळ आली तर उठताना आधी कडेला बसा, मग उभे राहा आणि मला येऊन सांगा. डोस कमी करता येतो.

त्रास नसलेल्यांना गोळी देऊन खरंच फरक पडतो का, हे अमेरिकेत माजी सैनिकांवर पडताळून पाहिलं होतं. निकाल १९६७ मध्ये छापून आला. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेली १४३ माणसं घेतली. ७३ जणांना खरी औषधं दिली, ७० जणांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. सरासरी दीड वर्षात औषध नसलेल्या गटात २७ जणांना मृत्यू, लकवा, हृदय निकामी होणं असं काहीतरी गंभीर झालं. औषधाच्या गटात दोघांना. ही माणसं अंथरुणाला खिळलेली नव्हती, बरीचशी हिंडती-फिरती होती. त्यांचा दाब फारच जास्त होता म्हणून फरक एवढ्या लवकर दिसला. ज्याचं १५०/९५ आहे त्याला तो दिसायला दहा-पंधरा वर्षं लागतात, म्हणून त्याला वाटतं आपलं काही बिघडत नाही.

सवयीचं आता. ज्याची सवय लागते ते सोडलं की जीव कासावीस होतो. मिश्री एक दिवस बंद करून बघा, कळेल. बीपीची नेहमीची गोळी सोडली तर तसलं काहीच होत नाही, आणि फसगत तिथेच होते.

एक उदाहरण सांगतो. ५२ वर्षांचे एक शेतकरी. शिबिरात मोजलं तर १७२/१०४. दोन दिवसांनी परत मोजलं, तेवढंच. अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू केली. महिन्यानं १५०/९४. तेव्हा तिच्या जोडीला टेल्मिसार्टन ४० दिली. पुढच्या महिन्यात १३२/८४. असाच मेसेज वाचून त्यांनी दोन्ही गोळ्या बंद केल्या. माणूस हिशोबी. तिसऱ्या दिवशी मेडिकलवर जाऊन मोजलं, १३६/८६. म्हणाले, बघा, गोळी न घेता नॉर्मल! पण अॅम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश जाते. दीड-दोन दिवसांत निम्मी उरते, मग आणखी तेवढ्याच दिवसांत त्याच्या निम्मी. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोजलं ते उरलेल्या गोळीचं काम होतं. बाराव्या दिवशी आशाताईंनी घरी जाऊन मोजलं तेव्हा १५८/९८. दीड महिन्यानं ते स्वतःच आले, तेव्हा परत १७०. या सगळ्या काळात डोकं दुखलं नाही, की चक्कर आली नाही. गोळ्या परत सुरू केल्या, आकडा परत खाली आला. गोळी आजार काढून टाकत नाही, ती पोटात आहे तोवर दाब धरून ठेवते.

काही वेगळ्या गोळ्या मात्र, अॅटेनोलॉल किंवा क्लोनिडिनसारख्या, एकदम थांबवल्या तर दाब किंवा छातीचे ठोके उसळतात. आपल्या पाकिटात कुठली आहे ते ठाऊक नसेल तर आपल्या मनानं बंद करूच नका. वजन उतरलं, मीठ आणि दारू कमी झाली, तर काहींचा डोस कमी होतो, क्वचित गोळी थांबतेही. ते मोजत मोजत करायचं असतं.

किडनीवर फार बोलत नाही. अॅम्लोडिपिननं काहींचे घोटे सुजतात. ती सूज वाहिन्या सैल झाल्यानं येते, गोळी बदलली की जाते. लोक सूज बघतात आणि किडनी गेली म्हणतात. किडनीला खरा धोका वाढलेल्या दाबाचा. दुसरा गुडघेदुखीसाठी मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांचा, आणि त्यांनी बीपीही वाढतं. त्यांच्याबद्दल मेसेज का फिरत नाही, कोण जाणे.

राहिलं मीठ. सैंधव गुलाबी असो की पांढरं, त्यातही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. दाब वाढवतं ते सोडियम. ते अंगात पाणी धरून ठेवतं, रक्त वाढतं, वाहिन्यांवरचा जोर वाढतो. सैंधवात बहुतेक वेळा आयोडीन घातलेलं नसतं, तेवढा तोटा वरून. दुकानात 'कमी सोडियम'चं मीठही मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. ते अनेकांना चालतं. पण किडनी अधू असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल, तर विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

तेव्हा प्रश्न कुठलं मीठ हा नाही, किती हा आहे. माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर, त्यात सगळं आलं. घरात चार माणसं असतील तर महिन्याला ६०० ग्रॅम. आपल्याकडे चौघांच्या घरात किलोची पिशवी महिन्यात संपते. भागाकार करा, माणशी आठ ग्रॅमच्या वर. आणि यात लोणचं, विकतचे पापड, फरसाण, खारी, सुकट धरलेलंच नाही. शेतात घाम गाळतो म्हणून मीठ लागतं, असं अण्णा म्हणतील. घामातून मीठ जातं, खरंय. पण रोजच्या जेवणात त्याहून भरपूर असतं. मे महिन्यात दिवसभर उन्हात राबणारा आणि वर लघवी वाढवणारी गोळी घेणारा, अशा माणसानं मात्र भोवळ आली तर लगेच यायचं.

कमी कुठे करायचं? भाकरीच्या पिठातलं मीठ पहिलं काढा, कालवणाबरोबर कळतही नाही. भात बिनमिठाचा शिजवा. ठेचा चालेल, पण मीठ निम्मं आणि लिंबू पिळा. पंधरा-वीस दिवस अळणी लागेल, मग जीभ रुळते. मीठ असं कमी केल्यानं बीपी असलेल्याचा वरचा आकडा सरासरी पाचेक अंकांनी उतरतो. १७२ चे १३२ नुसत्या मिठानं होणार नाहीत.

आज घरी गेलात की मिठाच्या नव्या पिशवीवर फोडल्याची तारीख पेननं लिहा. चौघांच्या घरात ती पन्नास दिवसांच्या आत संपायला नको. पुढच्या बैठकीला दोन्ही तारखा घेऊन या.

मशीन खांबापाशी ठेवलंय. आशाताई कार्ड घेऊन बसल्यात. ज्यांनी आत्ता चहा घेतला किंवा तंबाखू मळली, ते अर्धा तास थांबा. बाकीच्यांनी बाही वर करून रांगेत या. पहिला नंबर आजींचा.