'शुड' म्हणजे मर्जी नव्हे

आज डोकं फिरलंय माझं. धाकटी जाऊ ड्रायव्हिंगच्या थिअरी परीक्षेत एका मार्काने राहिली, ५० पैकी ४२, पासिंग ४३. नाशिकला आठ वर्षं गाडी चालवलेली बाई ती, इथे इंग्लंडला आली आणि तिला कुणीतरी सांगितलं, हायवे कोड या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकातलं 'मस्ट' तेवढं पाठ कर, 'शुड' सोडून दे, ते ऑप्शनल असतं. कोण सांगतं हे असलं?

मी शिकत होते तेव्हाचं सांगते. पाऊस, झीब्रा क्रॉसिंग, आणि काठावर ट्रॉली घेऊन उभ्या एक आजी. मी सरळ पुढे निघाले. इन्स्ट्रक्टरने त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. मी म्हटलं, अहो त्या रस्त्यावर उतरल्याच नव्हत्या! हायवे कोडचा नियम १९५ तोंडपाठ होता ना मला. माणसाने झीब्रावर पाऊल टाकलं की थांबणं 'मस्ट', म्हणजे कायदा, नाही थांबलात तर गुन्हा. नुसता काठावर उभा असेल तर 'शुड'. एकाच नियमात दोन्ही शब्द आहेत, फरक एका पावलाचा.

ते शांतपणे म्हणाले, काही झालं असतं तर कोर्टात हेच 'शुड' तुमच्याविरुद्ध वाचून दाखवलं असतं. आणि खरंच, कोडच्या सुरुवातीलाच लिहिलंय की नुसता सल्ला मोडला म्हणून खटला होत नाही, पण दोष कुणाचा हे ठरवताना तो पुरावा म्हणून वापरता येतो.

हां, 'शुड' मोडलं म्हणून लगेच दंड होत नाही, मान्य. आणि परीक्षेतल्या प्रश्नांत 'शुड' सरसकट येतं, अगदी कायद्याच्या गोष्टीलाही, हेही मान्य. म्हणून तर पुस्तक बघायचं! पुस्तकात 'मस्ट' ठळक मोठ्या अक्षरांत असतं आणि खाली त्या कायद्याचं नाव असतं. धुक्याचंच घ्या, साधारण १०० मीटरच्या पुढचं दिसत नसेल तर हेडलाइट लावणं मस्ट, फॉग लाइट लावले तरी चालतात, पण दिसायला लागलं की ते बंद करणं पुन्हा मस्ट. प्रश्नात 'मस्ट' दिसलं की आधी विचारायचं, कायदा काय म्हणतो? चार पर्यायांत दोन तरी शहाणपणाचे असतात, पण ते कायदा नसतात, तिथेच माणूस फसतो.

खरं तर तिची चूक नाही. आपण घरात दोन्हीला 'पाहिजे'च म्हणतो. 'थांबलंच पाहिजे' आणि 'थांबलं पाहिजे' यात फरक त्या एका 'च'चा. दुपारी तिला एवढंच सांगितलं तर रडायची थांबली आणि पुस्तक उघडून प्रत्येक 'मस्ट'समोर पेन्सिलने 'च' लिहीत बसली.

मला मात्र त्या आजी आठवतायत, ट्रॉलीचा दांडा धरलेला त्यांचा ओला हात. शनिवारी जाऊला त्याच झीब्रावर नेणारे. आधी काठावर उभं करेन, मग एक पाऊल खाली.